परिचयाचा प्रश्न: नाशिकच्या पाच दिवसांच्या कार्यशाळेच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै

कार्यशाळा नक्की झाली. ४ ते ८ ऑगस्ट, त्र्यंबक रोडवरचं प्रशिक्षण केंद्र, निवासी. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, व्यवस्थापक आणि हिशेब बघणारी मुलं-मुली मिळून ४२ जण. निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर आणि कळवण अशा पाच तालुक्यांतून येणार. कांदा, टोमॅटो, द्राक्ष, थोडं डाळिंब.

वेळापत्रकात पहिल्या दिवशी ‘१० ते १०.३० परिचय’ असं छापलंय. आधी गणित मांडलं. माणशी दोन मिनिटं धरली तरी ८४ मिनिटं, आणि दोन मिनिटांत कोणी थांबत नाही. माईक एका हातातून दुसऱ्या हातात जायला, उभं राहायला, घसा साफ करायला माणशी दहा सेकंद जातात ते वेगळेच. म्हणजे साडेअकराचा चहा येतो तेव्हा आपण तिसऱ्या रांगेत असतो, आणि शेवटच्या रांगेचं कोणी ऐकत नाही.

संयोजक ताईंकडून पाच मिनिटं जादा मागून घेतली, म्हणजे ३५ झाली. ती सगळ्यांत वाटली की माणशी ५० सेकंद येतात. हस्तांतराचे दहा गेले की ४० उरतात. पण ४० सेकंदांचं उत्तर मागितलं तर ७० चं मिळतं. म्हणून मागायचं २० सेकंदांचं आणि जागा ठेवायची ४० ची. वीस सेकंद म्हणजे बोलण्यातले साधारण पस्तीस-चाळीस शब्द, दोन-तीन वाक्यं.

‘थोडक्यात सांगा’ असं सांगून हे होत नाही. प्रश्नच असा हवा की त्याचं लांब उत्तर देणं अवघड जावं.

९ जुलै

जुना नमुना काढला. आपल्याकडे सगळीकडे चालतो तोच: नाव, गाव, कंपनी, हुद्दा, शिक्षण, अनुभव आणि कार्यशाळेकडून अपेक्षा. एकेका शब्दाला विचारलं, हे कळून पुढच्या पाच दिवसांत मी काय वेगळं करणार?

नाव, गाव, कंपनी ही माहिती नोंदणीच्या अर्जात आधीच आहे. ती गळ्यातल्या बिल्ल्यावर मोठ्या अक्षरांत छापायची. चार मीटरवरून वाचता आली तर ती बोलण्यातून वगळता येते. नाहीतर ‘मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा नाशिक’ हे सगळ्यांकडून ऐकावं लागतं, आणि सगळे नाशिक जिल्ह्यातलेच! नाव मात्र तोंडाने घ्यायचंच. माणसाने स्वतःचं नाव उच्चारलं नाही तर परिचय झाला असं त्यालाही वाटत नाही.

हुद्दा काढला. अध्यक्ष पहिले बोलले की पुढचा प्रत्येक जण आपला हुद्दा मोजून बोलतो. हिशेब लिहिणारी मुलगी ‘मी नुसती ऑपरेटर आहे’ म्हणून बसते, आणि खरेदीच्या नोंदी कुठे अडतात हे हॉलमध्ये फक्त तिला माहीत असतं.

‘अपेक्षा’ हा सगळ्यात वाया जाणारा प्रश्न. त्याचं उत्तर ठरलेलं आहे: ‘खूप काही शिकायला मिळेल अशी आशा बाळगतो.’ माणूस खोटं बोलत नसतो. अजून काय शिकवणार ते त्याला ठाऊक नाही, मग तो बिचारा दुसरं काय सांगणार?

१४ जुलै

दुसरा मसुदा: ‘तुमच्या कंपनीपुढची सर्वात मोठी अडचण कोणती?’ कागदावर फार उपयोगी वाटत होता. पिंपळगावजवळच्या एका कंपनीच्या मंडळाची मासिक बैठक होती, तिथे आठ जणांवर करून पाहिला. मोबाइलचं स्टॉपवॉच टेबलाखाली धरलं होतं.

पहिल्या काकांनी सुरुवातच डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीपासून केली. त्यांचं संपायच्या आत दुसऱ्याने त्यात भर घातली, तिसऱ्याने ‘तुमच्या वेळी निदान तेवढा भाव तरी होता’ म्हणून खोडून काढलं, आणि परिचयाची सभा झाली. आठ जणांना सव्वीस मिनिटं लागली. चर्चा चांगली होती, पण बोलणारा कोण आणि तो कंपनीत काय करतो, यातलं काहीही मला कळलं नाही.

दोन गोष्टी दिसल्या. ‘सर्वात’ हा शब्द आला की माणूस मनातल्या सगळ्या अडचणी एकमेकींशेजारी ठेवून तोलायला लागतो, आणि हे तोलणं तो मोठ्याने करतो: ‘तशी पाण्याचीही आहे, पण मजुरांची म्हणाल तर…’ उत्तर शेवटच्या वाक्यात येतं, आधीची दोन मिनिटं निवड चालू असते. दुसरं म्हणजे अडचण विचारली की बोट आपोआप बाहेर जातं, सरकारकडे, बाजारसमितीकडे, पावसाकडे. त्यावर या पाच दिवसांत आम्ही काहीच करू शकत नाही.

१५ जुलै

‘सर्वात’ बाद. ‘आणि’ सुद्धा बाद. प्रश्नात एक ‘आणि’ घातला की उत्तर दुप्पट होत नाही, त्याहून जास्त वाढतं, कारण लोक दोन उत्तरांना जोडणारी कथाही सांगतात.

१८ जुलै

तिसरा मसुदा: ‘गेल्या आठवड्यात कंपनीचं कोणतं काम तुम्ही स्वतः केलंत? एकच सांगा.’

घडून गेलेली एकच गोष्ट आठवायची असल्यामुळे तोलणं नाही. कामाला सुरुवात आणि शेवट असतो, म्हणून वाक्यालाही असतो. शिवाय या प्रश्नापुढे अध्यक्ष आणि ऑपरेटर सारखेच. ऑफिसातल्या पाच जणांना विचारलं, सगळी उत्तरं वीस सेकंदांच्या आत बसली.

फट कुठे राहिली ते संध्याकाळी कळलं. सिन्नरच्या एका ओळखीच्या संचालकांना फोनवर हाच प्रश्न विचारला. म्हणाले, ‘देखरेख केली.’ वेळेच्या आत उत्तर दिलं आणि हाती काही लागलं नाही. देखरेख, नियोजन, मार्गदर्शन, पाठपुरावा, समन्वय, हे शब्द म्हणजे झाकणं आहेत. खाली काम असेलही, नसेलही.

‘हाताने केलेलं काम’ असं लिहून पाहिलं. त्याने हिशेबवाले बिचकले, त्यांना वाटलं हमालीबद्दल विचारतोय. मग ताईंनी सुचवलं: असं काम, की तेव्हा शेजारी कोणी असतं तर फोटो काढता आला असता. देखरेखीचा फोटो निघत नाही. टॅलीत बिलं भरणाऱ्याचा निघतो, बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्याचा निघतो, चाळीतला सडका कांदा निवडणाऱ्याचाही निघतो. सिन्नरला परत फोन केला. आता उत्तर आलं: ‘परवा क्रेट परत आले ते मोजून घेतले. एकशे ऐंशी गेले होते, एकशे बासष्ट आले.’ यात माणूसही कळला, काम कळलं, आणि तिसऱ्या दिवसाच्या सत्रासाठी एक खरा आकडाही मिळाला.

प्रश्न आता असा: ‘गेल्या आठवड्यात तुम्ही स्वतः केलेलं कंपनीचं एक काम सांगा, ज्याचा फोटो निघाला असता.’

२३ जुलै

ताईंची शंका रास्त होती. लोक पाच दिवसांसाठी घरदार सोडून येणार, त्यांना काही हवं असेल ते विचारायचंच नाही का? विचारायचं, पण तोंडी नाही. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड द्यायचं. पुढच्या बाजूला नाव आणि ते एक काम. मागे: ‘या हॉलमध्ये कोणाला तरी विचारायचा आहे असा एक प्रश्न.’ पुढची बाजू बोलायची, मागची फक्त लिहायची.

‘अपेक्षा’ आणि ‘कोणाला तरी विचारायचा प्रश्न’ यात मोठा फरक पडतो. अपेक्षा आयोजकाला सांगितली जाते, म्हणून ती नम्र आणि गुळगुळीत होते. प्रश्न शेजाऱ्यासाठी असतो. ‘तुमच्याकडे वजनकाटा तपासून घ्यायला किती लागले?’ असं माणूस शेजाऱ्यालाच विचारतो.

दुसरा मुद्दा पाहुण्यांचा. उद्घाटनाला येणारे पाहुणे परिचय फेरीत बसले तर प्रत्येक जण ‘व्यासपीठावरील सन्माननीय’ पासून सुरू करणार, त्यात माणशी पंधरा सेकंद गेले. ताईंनी ते हाताळलं. उद्घाटन, चहा, पाहुणे मार्गस्थ, मग परिचय. टेबल-खुर्च्यांचं व्यासपीठही त्या चहात हलवून घ्यायचं. समोर व्यासपीठ दिसलं की मराठी माणूस भाषण करतो, त्याचा दोष नाही.

२९ जुलै

फेरी चालवायची कशी, ते बसून ठरवलं.

सगळ्यात जास्त परिणाम नमुना उत्तराचा होतो. लोक सूचना ऐकत नाहीत, आधीच्या माणसाची नक्कल करतात, लांबीची आणि घाटाचीही. पहिला तीन मिनिटं बोलला तर दहाव्यापर्यंत तेच चालतं. म्हणून पहिलं उत्तर मी देणार, तेही खरं: ‘गेल्या शुक्रवारी मी या हॉलमधल्या खुर्च्या मोजल्या. चौतीस भरल्या, आठ शेजारच्या वर्गातून आणल्या.’ एवढंच. विनोद नको, नाहीतर सगळे विनोद शोधत बसतील. आकडा मात्र मुद्दाम ठेवला. नमुन्यात आकडा असला की उत्तरांत आकडे येतात.

दुसरी, म्हणजे सहभागींपैकी पहिली, चांदवडची हिशेबनीस. तिला आदल्या दिवशी फोन करून विचारणार. अध्यक्ष लोक मधे कुठेतरी येऊ देत.

कार्ड लिहायला आधी चार मिनिटं शांतता. न लिहिता फेरी सुरू केली की लोक समोरच्याचं ऐकण्याऐवजी मनात आपलं वाक्य जुळवतात. यावर माल्कम ब्रेनर यांचा १९७३ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे: गोलाने बसलेली माणसं आळीपाळीने शब्द मोठ्याने वाचत होती, आणि आपली पाळी यायच्या लगेच आधी जे वाचलं गेलं तेच त्यांना सगळ्यात कमी आठवलं. तिथे जुळवाजुळव करायची गरजच नव्हती, शब्द समोर होते, तरी असं झालं. म्हणजे लिहून घेतल्याने त्रास कमी होतो, पण संपत नाही. तेव्हा बोललेलं कार्ड लगेच भिंतीवर लावायचं. जे ऐकायचं राहिलं ते चहाच्या वेळी वाचता येईल.

घंटी वाजवायची नाही. साठीतल्या माणसाला घंटीने बसवणं आपल्याकडे अपमान आहे, आणि पाच दिवस तो अपमान हॉलमध्ये बसून राहतो. त्याऐवजी प्रत्येकामागे टाळ्या नकोत (४२ वेळा पाच-पाच सेकंद म्हणजे साडेतीन मिनिटं), माझ्याकडून ‘वा, छान’ नको, आणि मुख्य म्हणजे मी उपप्रश्न विचारायचा नाही. परिचय लांबतो तो बहुतेक वेळा चालवणाऱ्याच्या कुतूहलामुळे. एकच अपवाद: काम आलंच नाही, तर ‘आणि काम?’ एवढे दोन शब्द.

४ ऑगस्ट

३८ मिनिटं लागली. चाललं.

चांदवडच्या मुलीने घाट घालून दिला: ‘शनिवारी टॅलीत सत्तावीस खरेदी बिलं भरली, दोन बिलांवर वजनच नव्हतं.’ तिथून गाडी रुळावर. बिलं, क्रेट, डिझेलची पावती, ताडपत्री, बँकेतलं चेकबुक, चाळीच्या खालच्या थरात शिरलेलं पाणी. सहाव्या-सातव्या माणसानंतर लोक पुढे झुकून ऐकू लागले, कारण प्रत्येक वाक्यात काहीतरी ओळखीचं होतं.

निफाडचे एक अध्यक्ष उभे राहिले आणि ‘सर्वप्रथम आयोजकांचे मनःपूर्वक आभार’ पासून निघाले. कंपनीची स्थापना, सभासद संख्या, मिळालेला पुरस्कार. मी थांबलो. श्वास घ्यायला ते थांबले तेव्हा म्हटलं, ‘आणि काम, काका?’ ते हसले. ‘काम… रविवारी गोडाऊनचं कुलूप बिघडलं, ते पान्याने तोडलं.’ हॉलमध्ये पहिल्यांदा सगळे मिळून हसले. यांचं मिळून एक मिनिट दहा सेकंद, फेरीतलं सगळ्यात लांब उत्तर.

मधल्या रांगेतून एक ताई उठल्या, कळवणच्या एका कंपनीच्या संचालक. कार्ड दोन्ही हातांत धरलेलं. म्हणाल्या, ‘गेल्या आठवड्यात मी ठरावावर सही केली. फोटो निघाला असता.’ आणि बसल्या. मागून कोणीतरी हसलं, त्या हसल्या नाहीत. फेरीतलं सगळ्यात छोटं उत्तर, आणि मला तरी सगळ्यात जास्त सांगणारं. उपप्रश्न न विचारण्याचा नियम पाळणं इथे जड गेलं.

दुपारी भिंतीवरची कार्डं उतरवून मागच्या बाजू वाचल्या. त्यांच्या कार्डामागे लिहिलं होतं: ‘सही करायच्या आधी कागदात काय बघायचं?’

५ ऑगस्ट

काल रात्री जेवणानंतर ताई आणि मी कार्डं जमिनीवर मांडली. पुढच्या बाजू म्हणजे कोणाला काय विचारता येईल. मागच्या बाजू म्हणजे कोणाला काय विचारायचंय. जोड्या लावत गेलो. ‘क्रेट परत येत नाहीत, काय करता?’ असं विचारणारे तिघे निघाले, आणि सिन्नरचे क्रेट मोजणारे काका समोरच होते. वजन नसलेल्या बिलांचा प्रश्न दिंडोरीच्या व्यवस्थापकाचा होता, त्याची जोडी चांदवडच्या मुलीशी. या जोड्या आज जेवणाच्या टेबलांवर बसवल्या, वेगळं सत्र केलं नाही.

हॉलमध्ये ज्यांना जोडी मिळाली नाही असे प्रश्न वेगळे काढून बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांना संध्याकाळी कळवले. त्यांना हे फार सोयीचं वाटलं. एकाने भाषणाच्या स्लाइड अर्ध्या केल्या म्हणे.

आणि सहीचा प्रश्न. तो एकट्या कळवणच्या ताईंचा नव्हता, वेगवेगळ्या शब्दांत आणखी चार कार्डांवर होता, पाचपैकी चार बायका. संचालक मंडळात नाव आहे, कागद घरी येतो, सही करून परत जातो. ‘सर्वात मोठी अडचण’ विचारली असती तर यातल्या एकीनेही हे चारचौघांत सांगितलं नसतं, आणि ते बरोबरच आहे. काम विचारलं म्हणून कळलं.

७ ऑगस्ट

काल दुपारचं ‘यशोगाथा’ सत्र काढून एक तास ठरावाच्या वाचनाला दिला. नावं झाकलेला खरा ठराव प्रत्येकाच्या हातात. बैठकीची तारीख आधी बघायची. मग हजर किती होते: उत्पादक कंपनीच्या मंडळाची गणपूर्ती एकूण संचालकांच्या एक तृतीयांश असते, पण तिघांपेक्षा कमी चालत नाही. मग रक्कम अंकात, अक्षरात, आणि कोणत्या खात्यातून. नमुन्याच्या ठरावात दहा संचालकांपैकी हजर तिघे होते. तिघे चालतील की नाही यावर दहा मिनिटं वाद. दहाचा एक तृतीयांश तीनपेक्षा थोडा जास्त येतो, मग चारच धरायला हवेत ना, असं कळवणच्या ताईंनीच हिशेब करून सांगितलं. कंपनी सचिव असलेल्या तज्ज्ञ मॅडमनी त्यावर ‘चार धरा, भांडण नको’ म्हणून शिक्का मारला.

१२ ऑगस्ट

पुढची तुकडी सुरगाण्याला आहे, त्याआधी प्रश्नाची डागडुजी.

‘गेल्या आठवड्यात’ हा शब्द द्राक्षवाल्यांना अन्यायाचा ठरला. त्यांच्या कंपनीचं खरं काम जानेवारी ते एप्रिल, माल काढणीच्या वेळचं. ऑगस्टमध्ये विचारलं तर पाच जणांनी ‘सध्या काही नाही’ म्हटलं आणि दोघांनी स्वतःच्या बागेतली फवारणी सांगितली, जी कंपनीचं काम नव्हे. कांदा-टोमॅटोवाले त्यांच्यापुढे उगाच कामसू दिसले. म्हणून आता ‘तुम्ही स्वतः शेवटचं केलेलं कंपनीचं काम, आणि ते कोणत्या महिन्यात’. इथे ‘आणि’ चालेल, महिन्याचं उत्तर एका शब्दात संपतं.

चार जणांनी फोटोची अट शब्दशः घेतली आणि झेंडावंदन, उद्घाटन, सत्कार असे खरोखर निघालेले फोटो सांगितले. ‘ज्याचा फोटो निघाला असता’ ऐवजी ‘ज्याचा फोटो कोणी काढला नाही’ असं करून पाहतोय. ऑफिसात विचारलं तर उत्तरं जास्त कामाची आली, पण शेतकऱ्यांवर अजून करून पाहिलेलं नाही.

सुरगाण्यात बरेच जण कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलणारे, आणि काहींना लिहिण्याचा कंटाळा किंवा संकोच असणार. तिथे कार्ड स्वतः भरायचं नाही. शेजाऱ्याला सांगायचं, शेजाऱ्याने लिहायचं, आणि फेरीत शेजाऱ्याचंच बोलायचं. दुसऱ्याची स्तुती करताना माणूस लांबतो, म्हणून कार्डावर जागाच दोन ओळींची ठेवतोय. मागची बाजू मात्र लिहून घ्यायला केंद्रातल्या दोन मुली बसवणार, प्रश्न विचारणाऱ्याच्याच भाषेत उतरवायचे. कार्डं छापायला गुरुवारपर्यंत द्यायची आहेत. बिल्ल्यावरची अक्षरं या वेळी आणखी मोठी, मागच्या रांगेतून वाचता येत नव्हती.